परवान्याची किंमत

भारत सरकारच्या एका समितीनं १९६४ साली आपल्या अहवालात लिहून ठेवलं की, आयात परवाना त्याच्या दर्शनी किमतीच्या १०० ते ५०० टक्के भावानं विकला जातो, ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. ही संतानम समिती. भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना १९६२ साली ती नेमली गेली होती, आणि केंद्रीय दक्षता आयोग तिच्याच शिफारशीतून उभा राहिला. त्या वाक्याचा साधा अर्थ असा की, परदेशातून एक लाख रुपयांचा माल आणायची परवानगी देणारा कागद बाजारात एक ते पाच लाखांना जात होता. माल वेगळा, त्याची किंमत वेगळी. हे पैसे नुसत्या कागदाचे.

कागदाला एवढा भाव का यावा? १९५६-५७ पासून देशाकडे परकीय चलनाची चणचण होती. डॉलरचा दर सरकारनं ४ रुपये ७६ पैशांवर धरून ठेवला होता. त्या दरानं जेवढ्यांना परदेशी माल हवा होता, तेवढ्यांना पुरतील इतके डॉलर नव्हते. मग कोणाला किती द्यायचे हे भावानं ठरेना, ते अधिकाऱ्याच्या सहीनं ठरू लागलं. समजा, एका कारखानदाराला परदेशी सूत हवं आहे. तो अर्ज करी. मोठा कारखाना असेल तर दिल्लीतल्या तांत्रिक विकास महासंचालनालयाकडे, लहान असेल तर राज्याच्या उद्योग संचालकांकडे. तिथे दोन गोष्टींची खातरजमा होई. एक, हा माल या कारखान्याला खरोखर आवश्यक आहे का. दुसरी, तो देशात कुठेच बनत नाही ना. दोन्ही दाखले जोडून अर्ज आयात-निर्यातीच्या मुख्य नियंत्रकांकडे जाई आणि तिथून परवाना निघे. परवाना प्रत्यक्ष वापर करणाऱ्याच्या नावावर असे, तो दुसऱ्याला विकायला बंदी असे, आणि तरीही तो विकला जाई.

या सगळ्यात मधल्या अधिकाऱ्याच्या हाती काय असतं ते नीट पाहायला हवं. ‘आवश्यक’ म्हणजे किती आवश्यक? देशी माल मिळतो, पण त्याचा दर्जा बेताचा आहे, मग तो ‘मिळतो’ म्हणायचा की नाही? नियमात याचं उत्तर नव्हतं आणि असणं शक्यही नव्हतं. देशातल्या हजारो कारखान्यांची खरी गरज दिल्लीच्या कुठल्याच टेबलावर कळू शकत नव्हती. म्हणून निर्णय त्या माणसाच्या मर्जीवर राही, आणि त्या मर्जीला बाजारात लाखांचा भाव होता.

आपण अशा वेळी पटकन माणसाच्या नीतिमत्तेवर बोलतो. अधिकारी लाचखाऊ, पुढारी स्वार्थी, चांगली माणसं आणली पाहिजेत. अमेरिकेत १९६२ साली जेम्स ब्यूकॅनन आणि गॉर्डन टलक या दोघांनी ‘द कॅल्क्युलस ऑफ कन्सेंट’ हे पुस्तक लिहिलं आणि प्रश्नाची सुरुवातच वेगळ्या जागी केली. त्यांच्या विचाराला पब्लिक चॉईस, म्हणजे लोकनिवडीचा सिद्धांत म्हणतात. ब्यूकॅननना पुढे १९८६ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं: दुकानदार स्वतःचा फायदा पाहतो हे आपण गृहीत धरतो आणि त्याला वाईट म्हणत नाही. तोच माणूस उद्या मंत्रालयात खुर्चीवर बसला की तो फक्त लोकहित पाहील, असं मात्र आपण का धरून चालतो? माणूस तोच आहे. बदलतं ते त्याच्याभोवतीचं गणित. दुकानदाराला गिऱ्हाईक सोडून जाण्याची भीती असते, पुढाऱ्याला मत जाण्याची, अधिकाऱ्याला बढती हुकण्याची किंवा बदली होण्याची. चुकीच्या निर्णयाची किंमत दुकानदार स्वतःच्या खिशातून भरतो. सरकारी टेबलावर ती कुणीतरी तिसराच भरतो. तेव्हा व्यवस्था आखताना खुर्चीवर साधुसंत बसतील असं धरू नका, तुमच्याआमच्यासारखीच माणसं बसतील असं धरा.

मला हा विचार माणसांविषयी कडवट वाटत नाही. उलट तो माणसाला दूषणं देणं थांबवून नियमाकडे बघायला लावतो.

टलक यांनी १९६७ साली यातला एक वेगळाच धागा ओढला. एकाधिकारामुळे किंवा आयातकरामुळे देशाचं किती नुकसान होतं, हे अर्थशास्त्रज्ञ मोजत होते आणि उत्तर फारच लहान येत होतं. ग्राहकाचे पैसे कारखानदाराकडे गेले, एवढंच. देशातले पैसे देशातच राहिले. टलक म्हणाले, मग चोरीचंही तसंच म्हणा. चोरानं शंभर रुपये नेले, मालकाचे शंभर गेले, देशाची बेरीज तीच. पण चोरीपायी लोक कुलपं घेतात, रखवालदार ठेवतात, पोलीस पोसतात, आणि चोरही आपली बुद्धी नि रात्री त्याच कामात घालवतो. या सगळ्यातून कुणाच्याही पोटात घास जात नाही. नुकसान मोजायचं तर हे मोजा. परवान्याचं आणि सवलतीचंही असंच आहे. फुकटची कमाई कोणाला मिळाली यापेक्षा ती मिळवण्यासाठी किती जणांनी किती शक्ती घालवली, हे मोठं.

या धडपडीला नाव मिळालं १९७४ साली. अॅन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एक शोधनिबंध लिहिला आणि तिला ‘रेंट सीकिंग’ म्हटलं. रेंट म्हणजे इथे घरभाडं नव्हे. सरकारनं एखादी गोष्ट मुद्दाम दुर्मीळ केल्यामुळे ती ज्याच्या हाती पडते त्याला मिळणारी आयती कमाई, असा त्याचा अर्थ. क्रूगर यांनी त्या निबंधासाठी दोन देश निवडले, तुर्कस्तान आणि भारत.

त्यांचं गणित एका काल्पनिक उदाहरणानं समजून घेऊ. सुताचा एक परवाना निघणार आहे. त्यावर आणलेला माल सगळा खर्च आणि आयातकर जाऊन एक लाख रुपये वरकड देणार आहे. दहा कारखानदार अर्ज करतात आणि प्रत्येकाला मिळण्याची शक्यता सारखीच आहे. दहात एक संधी, म्हणजे प्रत्येकाच्या दृष्टीनं त्या संधीची किंमत दहा हजार. तेव्हा दहा हजारांपर्यंत खर्च करणं प्रत्येकाला परवडतं. दिल्लीत माणूस ठेवणं, तिथल्या वाऱ्या, हॉटेल, कागद पुढे सरकवणारा दलाल, ओळखीच्या खासदाराचं पत्र. दहा जणांचे दहा-दहा हजार मिळून झाले एक लाख. म्हणजे परवान्यातून जी कमाई व्हायची तेवढीच रक्कम ती मिळवण्याच्या शर्यतीत खर्ची पडली. नऊ जण हात हलवत परतले, दहावा जिंकला, आणि देशाच्या हाती यातून वीतभरही जास्त कापड आलं नाही.

यात लाच असेलच असं नाही. माझ्या मते या विचाराची खरी धार इथेच आहे. लाच दिली तर निदान ते पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात. दिल्लीत महिनोन्महिने बसलेल्या हुशार व्यवस्थापकाचे दिवस कुणाच्याच खिशात जात नाहीत. आणि लाचेचीही एक पुढची पायरी असते, ती क्रूगर यांनी दाखवली. ज्या खुर्चीवर वरकमाई आहे ती खुर्ची मिळवण्यासाठीच मग शर्यत लागते. पगार आणि वरकमाई मिळून नोकरी इतकी किफायतशीर होते की हजारो तरुण दुसरं काही न करता वर्षानुवर्षं त्याच नोकरीची वाट पाहत राहतात. ही वाट पाहणंही त्याच खर्चात धरावं लागतं.

पण सगळ्यात महागडी शर्यत दिल्लीच्या दालनांत नव्हती, ती कारखान्यांच्या आवारात होती. कच्च्या मालाचे परवाने अनेक उद्योगांत कारखान्याच्या क्षमतेच्या प्रमाणात वाटले जात. ज्याची यंत्रं जास्त, त्याला परवाने जास्त. आता असं समजा की तुमच्याकडे दोन यंत्रं आहेत आणि मिळणारा माल त्यांना जेमतेम सहा महिने पुरतो. शहाण्या माणसानं तिसरं यंत्र घेऊ नये. पण इथे शहाणपण उलटं चालतं. आणखी दोन यंत्रं बसवली की तुमचा हिस्सा दुप्पट होतो, आणि परदेशी माल इतका स्वस्तात पडतो की निम्मी यंत्रं धूळ खात पडली तरी तुम्ही नफ्यात. तुम्ही हे करता, शेजारीही करतो, सगळेच करतात. शेवटी एकूण माल तेवढाच, प्रत्येकाचा हिस्साही जवळपास तेवढाच, फक्त देशभर बंद यंत्रांची रांग वाढलेली. ज्या देशात भांडवलाची सर्वांत जास्त वाण होती, त्या देशात भांडवल असं गंजत होतं. आणि यात एकानंही कायदा मोडलेला नाही.

कारखाना काढण्याच्या परवान्याचं चित्रही निराळं नव्हतं. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ आर. के. हजारी यांनी १९६७ साली नियोजन आयोगासाठी औद्योगिक परवान्यांचा अभ्यास केला. त्यांना असं दिसलं की मोठी घराणी, विशेषतः बिर्ला, एकाच मालासाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं अनेक अर्ज करत. मिळालेले सगळे परवाने वापरायचे असतच असं नाही. अमुक मालाची देशाला एवढीच क्षमता हवी, असा सरकारचा हिशेब आधीच ठरलेला असे. तेव्हा परवाना आपल्या कपाटात असला की स्पर्धकाची वाट आपोआप बंद. मक्तेदारी रोखण्यासाठी बांधलेली भिंत मक्तेदाराच्याच कामी आली.

क्रूगर यांनी भारतातल्या अशा सगळ्या आयत्या कमाईची १९६४ सालची बेरीज केली. ती आली सुमारे १,४६५ कोटी रुपये, म्हणजे त्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के. यात रेल्वे होती, कर्जवाटप होतं, नियंत्रित वस्तू होत्या. पण एकट्या आयात परवान्यांचा वाटा १,००० कोटींच्या वर होता. हे आकडे अंदाजाचे आहेत, हे विसरू नये. परवान्याचा बाजारभाव काय होता, यासाठी त्यांच्याजवळ संतानम समितीच्या विधानासारखेच आधार होते. शिवाय ही बेरीज आयत्या कमाईची आहे, वाया गेलेल्या शक्तीची नव्हे. शर्यत पूर्ण खुली असेल तरच सगळी कमाई शर्यतीत जिरते. परवाना कोणाला मिळणार हे आधीच ठरलेलं असेल, तर बाकीचे धावतच नाहीत, आणि तेव्हा अन्याय मोठा पण उधळपट्टी कमी, असंही होऊ शकतं.

मर्जीची साखळी राजकारण्यांपर्यंत कशी पोचते हे १९७४ साली संसदेत उघड झालं. पाँडिचेरी भागातल्या काही व्यापाऱ्यांना आयात परवाने द्यावेत, असं निवेदन २१ खासदारांच्या सह्यांनिशी परदेश व्यापार मंत्रालयाकडे गेलं होतं. पुढे चौकशी निघाली तेव्हा तुलमोहन राम हे बिहारमधले काँग्रेसचे खासदार सोडून बाकीच्यांनी आपण सही केलीच नसल्याचं सांगितलं. मधु लिमयांसारख्या विरोधी खासदारांनी हे प्रकरण लावून धरलं. या प्रकरणात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की, खासदाराची सही बनावट करण्याइतकी ती मौल्यवान झाली होती. आयात-निर्यातीचे निर्णय भावावर होत असते, तर कुठल्याही व्यापाऱ्याला खासदाराच्या सहीचा काडीचा उपयोग नव्हता.

मग एवढं सगळं दिसत असूनही ही व्यवस्था तीस-पस्तीस वर्षं टिकली कशी? राजाजींनी तर पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीसच परमिट-लायसन्स राज्यावर तोफ डागली होती. याचं उत्तर मॅन्कर ऑल्सन यांच्या १९६५ सालच्या पुस्तकात सापडतं. आयात बंद ठेवल्यानं एखाद्या कापडाच्या सदऱ्यामागे गिऱ्हाइकाला दोन रुपये जास्त पडत असतील. दोन रुपयांसाठी कोणी मोर्चा काढत नाही, दिल्लीला जात नाही. किंबहुना आपले दोन रुपये जास्त गेले हेच त्याला कळत नाही. तेच दोन-दोन रुपये गोळा होऊन मूठभर कारखानदारांकडे कोट्यवधींच्या रूपानं येतात, आणि त्यासाठी संघटना काढणं, निवडणुकीला निधी देणं, वर्षभर दिल्लीत बसणं त्यांना सहज परवडतं. मूठभरांचा मोठा फायदा करोडोंच्या बारीक तोट्यावर मात करतो तो असा. १९९१ नंतर दारं उघडू लागली तेव्हा, १९९३ साली, मुंबईत काही बडे उद्योगपती एकत्र आले आणि आम्हाला आधी बरोबरीची संधी द्या, असं त्यांनी सरकारला सांगितलं. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘बॉम्बे क्लब’ म्हटलं. त्यांच्या काही तक्रारी रास्त होत्या. देशातली व्याजं आणि कर खरंच जाचक होते. पण स्वस्त माल हवा असलेल्या गिऱ्हाइकांचा असा कुठलाच क्लब भरला नाही.

खुर्चीवरच्या माणसालाही या गणितात मोकळीक किती असते? रॉबर्ट वेड या अभ्यासकानं दक्षिण भारतातल्या कालव्यांच्या खात्याचा अभ्यास करून १९८२ साली जे लिहिलं, ते वाचून हा प्रश्न फार वेगळा दिसतो. तिथे कार्यकारी अभियंत्याच्या बदल्यांचाच बाजार होता. चांगल्या पाण्याच्या भागातली जागा हवी तर वर पैसे भरावे लागत, आणि जागा साधारण दोनच वर्षांसाठी असे. भरलेले पैसे दोन वर्षांत वसूल करायचे तर दुरुस्तीच्या ठेक्यांतून काढायचे आणि पाणी मागणाऱ्या शेतकऱ्यांकडून काढायचे. ज्याला पैसे घ्यायचे नसत तो अशा जागी येतच नसे, किंवा आला तर टिकत नसे. कालव्याच्या शेवटाला असलेल्या शेताला पाणी का पोचत नाही, याचं एक कारण असं बदलीच्या दरात दडलेलं होतं. इथे अभियंता लोभी आहे की नाही, हा प्रश्न गौण ठरतो.

तरीही या सिद्धांतानं सगळं उलगडतं, असं मी म्हणणार नाही. त्याच्याच हिशेबानं पाहिलं तर एका मतानं निकाल बदलण्याची शक्यता शून्याजवळ असते, म्हणून कोणी उन्हात रांगेत उभं राहून मत देऊच नये. लोक देतात, आणि गरीब लोक मोठ्या संख्येनं देतात. टलक यांना स्वतःलाही एक कोडं पडलं होतं: सरकारी मेहेरबानीतून मिळणारी रक्कम प्रचंड असते, तर मग ती मिळवण्यासाठी राजकारणात ओतला जाणारा पैसा त्या मानानं इतका थोडा कसा? दहा जणांच्या दहा-दहा हजारांचं आपलं गणित प्रत्यक्षात इतकं तंतोतंत बसत नाही. अमर्त्य सेन यांनी १९७७ साली स्वार्थालाच माणूस समजणाऱ्या अर्थशास्त्रावर टीका केली, ती इथेही लागू पडते. स्वतःचं नुकसान सोसून केवळ योग्य वाटतं म्हणून काही करणारी माणसं असतात, आणि सरकारी खात्यांत ती असतात म्हणूनच कितीतरी कामं आज होतात. सगळे चोरच आहेत असं सतत सांगत राहिलं, तर अशा माणसांनाही तिथे राहावंसं वाटत नाही.

सर्वांत अवघड कोडं १९९१ सालचं. ज्यांच्या सहीला लाखांचा भाव होता त्यांनीच सह्यांची गरज का काढून टाकली? परकीय चलनाचा साठा जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरता उरला होता, हे खरं. पण तंगी १९६६ सालीही आली होती, रुपयाचं अवमूल्यनही झालं होतं आणि परवाने राहिलेच होते. या वेळी मनमोहन सिंग अर्थमंत्री होते, पी. चिदंबरम व्यापार खात्याचे मंत्री आणि माँटेकसिंग अहलुवालिया त्या खात्याचे सचिव. परवान्यांचं नुकसान या मंडळींना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. म्हणजे विचारांनाही काही बळ असतं, केवळ हितसंबंधांनाच नव्हे. त्यांनी वापरलेली युक्ती मात्र या सिद्धांताला धरूनच होती. निर्यातदाराला त्याच्या निर्यातीच्या प्रमाणात आयातीचा हक्क देणारी ‘एक्झिम स्क्रिप’ त्यांनी आणली आणि ती खुलेआम विकायला मुभा दिली. काल जो भाव दलालाच्या कानात सांगितला जाई तो आता उघड बोलला जाऊ लागला. परवान्याची आयती कमाई अधिकाऱ्याच्या मर्जीकडून सुटून निर्यात करणाऱ्याकडे गेली. मार्च १९९२ मध्ये डॉलरसाठी अंशतः बाजारदर आला आणि स्क्रिपचीही गरज संपली.

पण ही मोकळीक यंत्रं, सुटे भाग आणि कच्चा माल यांना मिळाली. सर्वसामान्य माणूस विकत घेतो त्या वस्तूंच्या आयातीवरची बंधनं आणखी जवळपास दहा वर्षं तशीच राहिली. कच्चा माल स्वस्त व्हावा म्हणून झगडणारे कारखानदार होते. तयार माल स्वस्त व्हावा म्हणून झगडणारं कोणीच नव्हतं. अखेर अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, १९९९ साली भारत ती हरला, आणि उरलेल्या ७१५ वस्तूंवरची बंधनं १ एप्रिल २००१ रोजी उठली.